कॉम्प्युटर किती वीज खातो?

तासगावात आमच्या गटाचे ऑफिस एका मावशींच्या घरातल्या खोलीत आहे. वीज त्यांच्याच मीटरवरून येते. बिल वाढले तेव्हा मावशी म्हणाल्या, "तुमच्या डब्यावर ४५० वॅट लिहिलंय. रोज सहा तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे साडेसदुसष्ट युनिट तुमचे." हिशोब बरोबर होता, कारण हजार वॅट एक तास चालले की एक युनिट होते. पण ४५० हा आकडा कॉम्प्युटर जास्तीत जास्त किती ओढू शकतो तो आहे. दहा पोती मावणाऱ्या टेम्पोत रोज दहा पोती असतातच असे नाही.

मग आम्ही मोजायचे ठरवले. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh असे लिहिलेले असते. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल, तो धरा. फ्रिज, पंखे, मोबाइलचे चार्जर, सगळे बंद करून आम्ही फक्त कॉम्प्युटर आणि त्याचा स्क्रीन चालू ठेवला.

हिशोबाची वही उघडी असताना दिवा दहा मिनिटांत ३२ वेळा लुकलुकला, म्हणजे ६० वॅट. बेदाण्याच्या जाहिरातीचा व्हिडिओ तयार करताना तो ६४ वेळा लुकलुकला, म्हणजे १२० वॅट. अवघड काम आले की आतला प्रोसेसर जोरात चालतो, तापतो आणि पंख्याचा आवाज वाढतो. तीच खूण.

रोज पाच तास हलके काम आणि एक तास जड काम धरले, तर दिवसाला ४२० वॅट-तास, पंचवीस दिवसांचे साडेदहा युनिट.

एका ताईचा लॅपटॉपही लावून पाहिला. हलक्या कामाला १५ वॅट, जड कामाला ४५. तेवढ्याच कामाचे महिन्याला तीन युनिट. लॅपटॉप मोजताना बॅटरी आधी पूर्ण भरून घ्या, नाहीतर चार्जिंगची वीजही त्यात धरली जाते.

पण मग बिल का वाढले? संध्याकाळी आम्ही फक्त स्क्रीनचे बटण दाबून घरी जात होतो. तसे ठेवून मोजले, तर दिवा दहा मिनिटांत २४ वेळा लुकलुकला. म्हणजे रिकामा डबा ४५ वॅट ओढत होता. रोजचे अठरा तास, महिन्याचे वीस युनिट! कामापेक्षा दुप्पट वीज झोपेत जात होती.

मावशींना आम्ही तीस युनिटचे पैसे दिले. आता निघताना कॉम्प्युटर शटडाऊन करतो आणि मग भिंतीवरचे बटण बंद करतो.