पत घसरली की व्याज का चढते?

डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव 2022 मध्ये वेदांता कंपनीने जिंकला. तिची पालक कंपनी वेदांता रिसोर्सेसने 2021 मध्ये 8.95 टक्के व्याजाचे डॉलर रोखे काढले होते. परतफेडीची चणचण भासू लागताच 2023 मध्ये एस अँड पी या संस्थेने तिचे पतमानांकन ‘सीसीसी’पर्यंत खाली आणले, म्हणजेच पैसे बुडण्याचा धोका वाढला.

मानांकन घसरल्याने जुन्या रोख्यांचे व्याज आपोआप वाढत नाही. मात्र नवे कर्ज किंवा मुदतवाढ मागताना सावकार या धोक्याचा मोबदला घेतोच. जानेवारी 2024 मध्ये रोखेधारकांनी मुदत 2025 वरून 2028 पर्यंत वाढवली, पण व्याज 13.875 टक्के ठरले. शंभर कोटींच्या कर्जावर हा फरक वर्षाला सुमारे 4.93 कोटींचा होतो.