फर्निचरच्या कलेक्शन पेजवर वर काय लिहायचं? आणि H1, H2 कुठे लावायचे?

व्हिडिओत हा भाग स्क्रीनवर भराभर दाखवला, म्हणून इथे निवांत लिहितोय. एकच पेज घेऊ, "सागवानी डायनिंग टेबल". फर्निचरवाल्यांच्या वेबसाइटवर या पेजच्या डोक्यावर बहुतेक वेळा असं काहीतरी दिसतं:

"सागवानी डायनिंग टेबल पुणे. स्वस्त सागवानी डायनिंग टेबल, बेस्ट सागवानी डायनिंग टेबल, सागवानी डायनिंग टेबल किंमत..."

मोठ्याने वाचून बघा. दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाशी तुम्ही असं बोलाल का? गुगल आपल्या स्पॅमच्या नियमांत या प्रकाराला नाव घेऊन चूक ठरवतं. पण त्याहून मोठा तोटा म्हणजे एवढी जागा वापरूनही गिऱ्हाईकाला काहीच कळलं नाही.

मग लिहायचं काय? काउंटरवर तुम्ही रोज जे सांगता तेच. डायनिंग टेबल घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "आमच्या हॉलमध्ये बसेल का?" त्याचं उत्तर लिहा:

"सागवानी लाकडाचे चार आणि सहा खुर्च्यांचे डायनिंग टेबल. चार जणांना ४ बाय अडीच फुटांचा टेबल पुरतो, सहा जणांना ५ बाय ३ चा. खुर्ची मागे ओढून उठायला प्रत्येक बाजूला किमान अडीच फूट सोडा, म्हणजे सहाच्या टेबलाला साधारण १० बाय ८ फूट मोकळी जागा लागते. जागा कमी असेल तर एका बाजूला बेंच घेऊन तो भिंतीला लावता येतो."

मोजा, "डायनिंग टेबल" हा शब्द फक्त एकदा आलाय. पण सहा खुर्च्या, माप, बेंच, लाकूड, लोक जे जे शोधतात ते सगळं आपोआप आलं. प्रॉडक्टच्या वर एवढंच पुरे. मोबाइलवर गिऱ्हाईकाला फोटो दिसायला चार वेळा स्क्रोल करावं लागलं तर तो निघून जाईल. पॉलिश, डिलिव्हरी, जोडणी यांची माहिती प्रॉडक्टच्या खाली टाका. मात्र तिथे हजार शब्दांचा "सागवानाचा इतिहास" नको हं, तो कोणी वाचत नाही.

आता हेडिंग. H1 म्हणजे पेजची पाटी, आणि पाटीवर वस्तूचं नाव हवं. "रॉयल हेरिटेज कलेक्शन" हे नाव तुम्हाला आवडत असेल, पण ते कोणी शोधत नाही. रचना अशी ठेवा:

```html
<h1>सागवानी डायनिंग टेबल</h1>
<p>वरचा मजकूर</p>
<h2>चार खुर्च्यांचे टेबल</h2>
<h3>प्रॉडक्टचं नाव</h3>
<h2>सहा खुर्च्यांचे टेबल</h2>
<h3>प्रॉडक्टचं नाव</h3>
<h2>डिलिव्हरी आणि जोडणी</h2>
```

थीममध्ये प्रॉडक्टचे असे दोन गट करता येत नसतील तर एकाच यादीत राहू द्या, काही बिघडत नाही. गुगलनेच सांगितलंय की हेडिंगचा क्रम थोडा मागेपुढे झाला तरी सर्चला फरक पडत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना मात्र सरळ क्रमाची खूप मदत होते. त्यामुळे H2 वाढवले की रँक वाढतो, असं कोणी सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

खरी गडबड थीममध्ये असते. कॉम्प्युटरवर पेज उघडा, राइट क्लिक करून View page source घ्या, Ctrl+F दाबा आणि `<h1` शोधा. अनेकदा H1 दुकानाच्या लोगोला लावलेला सापडतो, म्हणजे प्रत्येक पेजची पाटी सारखीच! मग `<h2` शोधा. तिथे "Filter", "Price", "Newsletter" असले शब्द निघाले तर वेबसाइट बनवणाऱ्याला सांगून ते साध्या टॅगमध्ये करून घ्या. अक्षर मोठं दिसावं म्हणून H2 लावायचा नसतो, ते काम CSS चं.

सगळ्या पेजवर एकदम हात घालू नका. दोन-तीन पेज बदला आणि काही आठवडे थांबा. मग Search Console मध्ये Performance उघडा, Pages मधून ते पेज निवडा आणि Queries बघा. आधी फक्त दुकानाचं नाव टाकून लोक येत असतील आणि आता "6 seater", "with bench" असे शोध दिसायला लागले, तर मजकूर लागू पडतोय. पेजवर मुळात तीनच टेबल असतील तर मात्र मजकुराने फार काही होणार नाही, आधी माल चढवा.

आणि या सागवानाच्या पेजवर शिसमच्या टेबलाचे शोध येताना दिसले, तर मजकुरात शिसम घुसडू नका. शिसमचे टेबल ठेवत असाल तर त्यांचं वेगळं पेज करा आणि तिथला मजकूर नव्याने लिहा. हाच मजकूर उचलून फक्त लाकडाचं नाव बदललं, तर दोन्ही पेज एकसारखी होतील आणि शिसम का घ्यावं हे गिऱ्हाईकाला शेवटपर्यंत कळणार नाही.