मासिक पाळी, रजोनिवृत्ती आणि इन्शुलिनची मात्रा

आहार, व्यायाम आणि इन्शुलिनची मात्रा यांत काहीही बदल नसताना महिन्यातील काही ठराविक दिवशी रक्तातील साखर वाढते, असा अनुभव मधुमेह असलेल्या अनेक स्त्रियांना येतो. त्याचे कारण बहुधा पथ्यातील चूक हे नसून शरीरातील संप्रेरकांचे चक्र हे असते.

पाळीच्या चक्रात साधारणतः मध्यावर स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि त्या काळात शरीर इन्शुलिनला कमी प्रतिसाद देते. पाळी सुरू होण्याच्या सुमारास हे संप्रेरक झपाट्याने घटते व इन्शुलिनची गरजही पूर्ववत होते. मात्र सर्वच स्त्रियांत हा बदल आढळत नाही. म्हणून किमान तीन महिने पाळीच्या तारखा आणि साखरेची नोंद एकाच वहीत ठेवणे आवश्यक ठरते.

समजा, एक शिक्षिका रात्री दीर्घकाळ परिणाम करणारे २० युनिट इन्शुलिन घेते. तिची सकाळची उपाशीपोटीची साखर एरवी १०० ते १२० मिलिग्रॅम असते. पाळीपूर्वीच्या पाच दिवसांत मात्र ती १५० ते १७० पर्यंत जाते. तीन महिन्यांच्या नोंदींत हेच दिसल्यावर डॉक्टर त्या पाच दिवसांपुरती मात्रा २२ युनिट करतात व पाळी सुरू होताच पुन्हा २० युनिट घेण्यास सांगतात. खरा धोका येथेच असतो. एखाद्या महिन्यात मात्रा पूर्ववत करण्याचे राहून गेले, तर पहाटे घाम, थरथर व धडधड सुरू होते आणि तपासणीत साखर ५८ भरते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. साखर ७० च्या खाली राहिल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी.

रजोनिवृत्तीच्या आधीची काही वर्षे पाळी अनियमित होते. त्यामुळे तारखेवरून बांधलेला हा अंदाज चुकू लागतो व मात्रा रोजच्या तपासणीवरूनच ठरवावी लागते. पुढे इस्ट्रोजेन घटते, पोटाभोवती चरबी साठते आणि अनेकींची इन्शुलिनची गरज हळूहळू वाढते. याच काळात अंगातून अचानक वाफा निघणे व रात्री घाम येणे ही लक्षणे दिसतात. साखर उतरल्यावरही घाम येतो. लक्षणांवरून फरक ओळखणे कठीण असल्याने दरवेळी बोटाच्या टोकावरील रक्ताची तपासणी करणे हाच खात्रीचा मार्ग होय. साखर योग्य असताना केवळ घामामुळे गोड खाल्ले, तर साखर विनाकारण वाढते. उलट, उतरलेली साखर वयाचा त्रास समजून दुर्लक्षिली, तर रुग्ण बेशुद्ध होऊ शकते.

मात्रेतील कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा आणि त्यांच्याकडे जाताना साखरेच्या आकड्यांसोबत पाळीच्या तारखाही न्याव्यात.