चलनवाढ आणि बेकारी : एका वक्राची सरक

ब्रिटनमधील १८६१ ते १९५७ ह्या काळाची आकडेवारी अभ्यासून फिलिप्स ह्यांनी १९५८ साली दाखविले की, बेकारी घटली म्हणजे वेतनवाढीचा वेग वाढतो. त्यावरून, थोडी भाववाढ पत्करल्यास बेकारी कायम कमी ठेवता येईल, असा समज रूढ झाला. फ्रीडमन व फेल्प्स ह्यांनी त्यातील उणीव दाखविली. भाव स्थिर राहतील असे समजून कामगाराने ३ टक्के वेतनवाढ स्वीकारली आणि भाव ५ टक्क्यांनी चढले, तर मालकाला श्रम स्वस्त पडतात. तो अधिक माणसे नेमतो. पुढील करारात मात्र कामगार अपेक्षित भाववाढ आधीच मागून घेतो. बेकारी पूर्वपदावर येते. भाववाढ टिकून राहते. अमेरिकेत १९६९ साली ३.५ टक्के असलेली बेकारी १९७५ साली ८.५ टक्क्यांवर गेली, तरी भाववाढ ९ टक्क्यांच्या आसपास होती. तेलाच्या दरवाढीचाही त्यात वाटा होता. तात्पर्य, वक्र नाहीसा झाला नव्हता. अपेक्षांबरोबर तो वर सरकला होता.