बँक गॅरंटीच्या पत्रातल्या दोन तारखा

समजा, 2 कोटींच्या रस्त्याचं काम मिळालं आणि टेंडरप्रमाणे 5 टक्के परफॉर्मन्स गॅरंटी हवी आहे. ठेकेदार बँकेला लिहितो: ‘सार्वजनिक बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंता यांच्या नावे रु. 10,00,000 (अक्षरी दहा लाख फक्त) ची गॅरंटी द्यावी. मुदत 1 मार्च 2027 पर्यंत.’ सोबत वर्क ऑर्डर, खात्याचा नमुना आणि मार्जिन म्हणून ठेवलेल्या एफडीचा तपशील.

मुदतीची तारीख हवेतून येत नाही. काम 31 डिसेंबर 2026 ला संपणार आणि टेंडर त्यापुढे 60 दिवस मागतं, म्हणून 1 मार्च. काम लांबलं तर ही तारीख आधीच वाढवून घ्यावी. नाहीतर खातं ‘मुदत वाढवा किंवा पैसे द्या’ असं थेट बँकेलाच कळवतं.

खरी ओढाताण होते ती क्लेम पीरियडवरून. मुदतीत घडलेल्या कसुरीबद्दल मुदतीनंतरही बँकेकडे मागणी करायला मिळणारा हा काळ. करार कायद्याच्या कलम 28 मधल्या एका अपवादावर बोट ठेवून अनेक बँका तो किमान वर्षभराचा हवाच म्हणत आणि तेवढ्या काळाचं कमिशन लावत. वर्षाला 2 टक्के दर धरला तर इथे 20,000 रुपये जादा! 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लार्सन अँड टुब्रोच्या प्रकरणात सांगितलं, की तो अपवाद हक्क बजावण्याच्या मुदतीचा आहे, क्लेम पीरियडचा नाही. त्यामुळे टेंडरने वर्षभराचा काळ मागितला नसेल, तर पत्रात क्लेमची शेवटची तारीखही स्पष्ट लिहावी. कोरी जागा बँक आपल्या सोयीने भरते.