सीआरआर घटला, पैसा किती वाढला?

६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रोख राखीव प्रमाण, म्हणजे सीआरआर, ४ वरून ३ टक्क्यांवर आणायचे ठरवले. कपात सप्टेंबरपासून चार टप्प्यांत होणार होती आणि त्यातून बँकांकडे सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होतील, असे सांगण्यात आले. बँकिंगच्या परीक्षेत अशा कपातीवर प्रश्न येतो, तेव्हा बहुतेक जण पाठ केलेल्या सूत्राकडे धावतात आणि तिथेच फसतात.

समजा, देशातल्या बँकांत मिळून १,००० कोटींच्या ठेवी आहेत. चार टक्क्यांप्रमाणे ४० कोटी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागतात. प्रमाण तीनवर आले की तीसच पुरतात. उरलेले दहा कोटी कर्जाऊ जातात, घेणारा ते खर्च करतो, ज्याच्या हाती पडतात तो पुन्हा बँकेत भरतो, आणि त्यातून पुढचे कर्ज निघते. सूत्र सांगते, ४० कोटी भागिले ०.०३, म्हणजे ठेवी १,३३३ कोटींवर जातील. एका टक्क्याच्या कपातीने पैसा तिपटीने-चौपटीने नव्हे, पण एक तृतीयांशाने वाढला!

हे उत्तर धरले तर प्रत्येक रुपया बँकेत परत येतो असे मानावे लागते. प्रत्यक्षात लोक नोटा जवळ ठेवतात. दर शंभर रुपये ठेवीमागे १५ रुपये रोख लोकांच्या हाती आहे असे धरू. मग सुरुवातीला १५० कोटी रोख आणि ४० कोटी राखीव, असा १९० कोटींचा पायाभूत पैसा झाला. कपातीने हा आकडा हलत नाही, हे आधी पक्के करावे. रिझर्व्ह बँकेने नवा रुपया दिलेला नाही. आता ठेवींच्या दर रुपयामागे १५ पैसे रोख आणि ३ पैसे राखीव लागतात. १९० भागिले ०.१८ म्हणजे १,०५६ कोटींच्या ठेवी. रोख धरून एकूण पैसा १,१५० वरून सुमारे १,२१४ कोटींवर जातो. वाढ साडेपाच टक्क्यांची!

रिझर्व्ह बँक बाजारातून सरकारी रोखे विकत घेते तेव्हा मात्र पायाभूत पैसाच वाढतो. म्हणून प्रश्न वाचताना आधी पाहावे, साधन पाया बदलते की गुणक. शिवाय, हे उत्तर कमाल मर्यादा सांगते. बँकेला भरवशाचा कर्जदारच मिळाला नाही, तर मोकळे झालेले पैसे रिझर्व्ह बँकेकडेच पडून राहतात.

व्याजदराचे काय? बँकांकडे राखीव पैसा जास्त झाला की एका रात्रीच्या उसनवारीचा, म्हणजे कॉल मनीचा दर आधी उतरतो. त्याला तळ असतो: जून २०२५ मध्ये बँका रिझर्व्ह बँकेकडे ५.२५ टक्क्यांनी पैसे ठेवू शकत होत्या, त्यामुळे त्याहून स्वस्तात उसने देण्यात त्यांना फायदा नव्हता. रेपोशी जोडलेल्या गृहकर्जाचा हप्ता मात्र सीआरआरमुळे हलत नाही. तो हलतो रेपो दराने, जो त्याच दिवशी ५.५० टक्क्यांवर आला.