पडद्यावर चौदा, फाइलमध्ये चोवीस

गेट परीक्षेच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात २००८ साली एक प्रश्न आला होता. एक प्रोसेस n फेऱ्यांचा लूप चालवते, लूपमध्ये फक्त `fork()` आहे. तर एकूण चाइल्ड प्रोसेस किती तयार होतील? उत्तर 2^n − 1. २०१२ साली लूप काढून तीन फोर्क एकाखाली एक लिहिले, उत्तर ७. २०१९ साली दहा फेऱ्यांचा लूप आला आणि i सम असेल तरच फोर्क करायचा अशी अट आली. म्हणजे पाचच फोर्क, उत्तर ३१.

या तिन्ही प्रश्नांत विचारलं आहे ते प्रोसेसबद्दल, छापलेल्या ओळींबद्दल नाही. पेपर काढणाऱ्यांचा हा शहाणपणा आहे असं मला वाटतं. कारण ओळी मोजायला गेलं की उत्तर एकच राहत नाही.

आधी प्रोसेसचा हिशेब. चालू असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस. युनिक्स आणि लिनक्समध्ये एखाद्या प्रोसेसने `fork()` म्हटलं की ऑपरेटिंग सिस्टिम तिची हुबेहूब नक्कल उभी करते. मूळ प्रोसेसला पॅरेंट म्हणतात, नकलेला चाइल्ड. दोघींना फोर्ककडून वेगवेगळं उत्तर मिळतं: पॅरेंटला चाइल्डचा क्रमांक, चाइल्डला शून्य. बाकी सगळं तेच. इथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. चाइल्ड प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू करते असं त्यांना वाटतं. तसं नाही. फोर्क जिथे झाला तिथूनच ती पुढे चालू लागते, आणि त्या क्षणी i ची जी किंमत होती तीच तिच्याकडेही असते.

आता हा छोटा प्रोग्राम बघा:

```c
#include <stdio.h>
#include <unistd.h>

int main(void)
{
    for (int i = 0; i < 3; i++) {
        fork();
        printf("%d\n", i);
    }
    return 0;
}
```

i शून्य असताना फोर्क होतो, एकीच्या दोन प्रोसेस होतात आणि दोघी 0 छापतात. पुढच्या फेरीत त्या दोघीही फोर्क करतात, चार होतात, चौघी 1 छापतात. तिसऱ्या फेरीत आठ होतात आणि आठही जणी 2 छापतात. प्रोसेस एकूण आठ, त्यातली एक मूळची, म्हणजे चाइल्ड सात. ओळी २ + ४ + ८, म्हणजे चौदा. वंशावळ काढून पडताळता येतं: मूळ प्रोसेसला तीन मुलं, त्यातल्या पहिलीला दोन फेऱ्या उरलेल्या, दुसरीला एक, आणि तिसरी जन्मते तेव्हा लूपची शेवटची फेरी चालू असते, त्यामुळे तिला मूल होतच नाही.

प्रोग्राम पडद्यावर चालवला तर चौदाच ओळी दिसतात. त्यांचा क्रम मात्र दर वेळी तोच येईल असं नाही, कारण कोणत्या प्रोसेसला आधी पाळी द्यायची हे कर्नल ठरवतो. कधी कधी तर टर्मिनलचा प्रॉम्प्ट मध्येच उगवतो आणि उरलेल्या ओळी त्याच्या मागून येतात: मूळ प्रोसेस मुलांसाठी न थांबता संपली, शेलला वाटलं काम झालं, मुलं अजून छापतच आहेत.

चौदा ओळी डोळ्यांनी मोजायचा कंटाळा आला की माणूस साहजिकच मोजायचं काम मशीनवर सोपवतो:

```
./a.out | wc -l
```

आणि उत्तर येतं २४. प्रोग्राम तोच, एक अक्षर बदललेलं नाही. ओळी वाढल्या कुठून?

`sort` आणि `uniq -c` लावून कोणता आकडा किती वेळा आला ते पाहिलं तर चोर सापडतो:

```
$ ./a.out | sort | uniq -c
      8 0
      8 1
      8 2
```

पडद्यावर शून्य दोनदाच आलं होतं, इथे आठदा आलं आहे. पण i शून्य असताना जगात दोनच प्रोसेस होत्या! म्हणजे नंतर जन्मलेल्या सहा जणींनीही, स्वतः कधीही न छापलेलं शून्य बाहेर टाकलं.

याचं कारण `printf` मध्ये आहे. `printf` मजकूर लगेच कर्नलकडे देत नाही. सी भाषेची लायब्ररी तो आधी प्रोसेसच्याच मेमरीत, बफर नावाच्या जागेत साठवते आणि सवडीने एकदम पाठवते, कारण कर्नलला दर वेळी हाक मारणं महाग पडतं. कधी पाठवायचं हे समोर कोण आहे त्यावर ठरतं. समोर टर्मिनल असेल तर ओळ संपताच, म्हणजे `\n` दिसताच, बफर रिकामा होतो. समोर फाइल किंवा पाइप असेल तर बफर भरेपर्यंत किंवा प्रोग्राम संपेपर्यंत मजकूर आतच पडून राहतो.

फोर्क प्रोसेसच्या मेमरीची नक्कल करतो, आणि बफर त्या मेमरीतच आहे. पिशवीत न वाटलेली पत्रं असताना पोस्टमनची पिशवीसकट नक्कल केली, तर तीच पत्रं दोनदा वाटली जाणार. पाइपच्या बाबतीत पहिल्या फेरीतलं शून्य बफरमध्येच होतं, दुसऱ्या फोर्कला त्याच्या प्रती झाल्या, तिसऱ्याला आणखी. शेवटी आठही प्रोसेसच्या बफरमध्ये 0, 1, 2 अशा तीन ओळी जमल्या आणि संपताना प्रत्येकीने त्या बाहेर टाकल्या. आठ त्रिक चोवीस. n फेऱ्यांसाठी पडद्यावरचं सूत्र 2^(n+1) − 2, पाइपमधलं n × 2^n.

हे दुसरं सूत्रही बफर मध्येच भरत नाही तोवरच खरं. अनेक लिनक्स मशीनवर तो ४०९६ बाइटचा असतो. लांबलचक मजकूर छापला तर काही भाग फोर्कच्या आधीच निघून जातो आणि आकडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतो. शिवाय प्रोसेसच्या संख्येची मर्यादा गाठली की फोर्क −1 देतो, नवी प्रोसेस बनतच नाही, आणि सगळीच सूत्रं कोलमडतात.

उलटही करून बघता येतं. `printf` मधला `\n` काढून तिथे साधी मोकळी जागा ठेवा. आता पडद्यावरही चोवीस आकडे येतील, कारण टर्मिनलला ओळ संपल्याची खूणच मिळत नाही. म्हणूनच परीक्षेत ओळी विचारायच्या असतील, तर `\n` नीट छापून आउटपुट टर्मिनलवर आहे असं प्रश्नात लिहायलाच हवं. नाहीतर चोवीस लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापायचा अधिकार परीक्षकाला नाही.

इलाज सोपा आहे. फोर्कच्या आधी `fflush(stdout)` लिहिलं की बफर रिकामा होऊनच नक्कल होते, आणि `wc -l` सुद्धा चौदा सांगतो. `printf` ऐवजी `write` वापरलं तर बफरचा प्रश्नच येत नाही, मजकूर थेट कर्नलकडे जातो.

परीक्षेबाहेर हीच गोष्ट लॉग फाइलमध्ये भेटते. टर्मिनलवर तपासताना प्रोग्राम नीट चालतो, रात्री आपोआप चालवून आउटपुट फाइलमध्ये वळवलं की काही ओळी दोन-दोनदा येतात, आणि लोक तेच काम दोनदा झालं का ते शोधत बसतात. काम एकदाच झालेलं असतं. चाइल्डने `exit` म्हटलं आणि पॅरेंटचा उरलेला बफर जाता जाता स्वतःच्या नावावर छापून टाकला, एवढंच. अनुभवी लोक चाइल्डमधून बाहेर पडताना `exit` ऐवजी `_exit` लिहितात ते यासाठीच: `_exit` बफरला हात न लावता प्रोसेस संपवतो. मात्र मग चाइल्डने स्वतः `printf` केलेलंही त्याच बफरबरोबर बुडतं, तेव्हा ते आधी `fflush` करून घ्यावं लागतं.